तापीकाठच्या विहिरी, गट तीन की चार : प्रकल्प नोंदी

८ जून

मे महिन्यात घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता प्रयोगशाळेकडून आला. विहिरी आणि बोअर मिळून १२० ठिकाणं. प्रत्येकाची पाच मापं आहेत : टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट आणि सामू. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचा यावल-रावेरचा पट्टा, मध्ये तापीच्या गाळाची जमीन आणि दक्षिणेला पारोळ्याकडचा काळा पाषाण, असा आडवा पसारा आहे.

काम असं : नुसत्या पाण्याच्या मापांवरून विहिरींचे गट पाडायचे आणि ते गट खरे आहेत की संगणकाने उगाच रेघा मारल्यात, हे ठरवायचं. गट कुणीही पाडून देतं. के-मीन्स या गट पाडणाऱ्या पद्धतीचंच बघा : त्याला पाच गट मागितले की तो पाच देतो, सात मागितले की सात. आहेत की नाहीत हे तो सांगत नाही.

आमच्याकडे एक सोय आहे जी सहसा नसते. १२० पैकी ६० ठिकाणांचा भूस्तर भूगर्भशास्त्राच्या सरांनी स्वतः पाहून लिहून ठेवलाय. उघडी विहीर असेल तर काठावरून आतला थर बघून, बोअर असेल तर खोदताना निघालेला चुरा बघून. त्यात १४ बझाडा, २२ गाळ, २४ बेसॉल्ट. (बझाडा म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी पायथ्याशी आणून टाकलेला गोटे-वाळूचा जाड थर. पाणी त्यात झपाट्याने मुरतं आणि तितकंच खोल जातं.) हा रकाना गट पाडताना वापरायचा नाही असं ठरलं. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलाय. आधी लेबल नाहीतच असं समजून निर्णय घ्यायचा, मग फाइल उघडायची.

९ जून

पहिली फेरी मुद्दाम कच्च्या आकड्यांवर चालवली, काहीही न बदलता. गट एकमेकांपासून किती सुटे आहेत ते सांगणारा सिल्हूएट स्कोअर दोन गटांना ०.७१ आला, तीन गटांना ०.५८, पुढे घसरत गेला. ०.७१ हा आकडा कुठल्याही अहवालात मिरवावा असा आहे. म्हणून आधी गटांमध्ये किती विहिरी आहेत ते पाहिलं : एका गटात १११, दुसऱ्यात ९.

त्या ९ विहिरी म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टीडीएस दोन-अडीच हजारांच्या वर. बाकीच्या बहुतेक ३०० ते १२०० मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये. अंतर मोजताना टीडीएसमधला फरक हजारात असतो आणि सामूमधला फरक एकाच्या आतबाहेर. म्हणजे सामू नावाचा रकाना तक्त्यात आहे, पण मोजणीत जवळपास नाहीच. नायट्रेटची गत थोडी बरी, पण टीडीएस आणि क्लोराइड मिळून सगळं ठरवतात.

स्कोअर खोटा नाही. ९ खाऱ्या विहिरी बाकीच्यांपासून खरंच लांब आहेत आणि १११ विहिरी त्यांच्या मानाने एकमेकींजवळ आहेत. सिल्हूएट तेवढंच सांगतो. पण 'नऊ विहिरी खाऱ्या आहेत' हे कळायला संगणक लागत नाही, गावात विचारलं तरी चालतं.

१० जून

आज मापं नीट बसवली. टीडीएस, जडपणा, क्लोराइड आणि नायट्रेट यांचा लॉग घेतला, कारण चौघांनाही उजवीकडे लांब शेपूट आहे. सामूचा लॉग घेतला नाही, तो मुळातच लॉगमधलं माप आहे. काही ठिकाणी नायट्रेट शून्य नोंदलंय, म्हणून `log1p`, म्हणजे एक मिळवून लॉग. मग प्रत्येक रकाना सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन एक असा केला, म्हणजे पाचही मापांचा आवाज सारखा.

```python
Z = df[["tds", "hardness", "cl", "no3"]].apply(np.log1p)
Z["ph"] = df["ph"]
X = StandardScaler().fit_transform(Z)

for k in range(2, 7):
    g = KMeans(n_clusters=k, n_init=20, random_state=7).fit_predict(X)
    print(k, round(silhouette_score(X, g), 2), np.bincount(g))
```

दोन गटांना ०.३३, तीनला ०.३४, चारला ०.३६, पाचला ०.२८, सहाला ०.२५. आणि आता गटांचे आकार माणसात आलेत, कुठेही ९ विरुद्ध १११ नाही.

जोडीदार म्हणाला, "अरे, काल ०.७१ होता, आज निम्म्यावर आणलास."

दोन्ही आकडे एका तागडीत टाकायचेच नाहीत. काल अंतर मिलिग्रॅममध्ये मोजलं, आज प्रमाण विचलनात. अंतराची व्याख्या बदलली की सिल्हूएटची पट्टीच बदलते. एकाच अवकाशात गट किती पाडावेत, किंवा दोन पद्धतींपैकी कुठली घ्यावी, एवढ्यापुरतीच ही तुलना चालते. लॉग घ्यावा की नाही, कुठला रकाना ठेवावा हे सिल्हूएटला विचारलं तर तो बहुतेकदा कमी रकान्यांच्या आणि जास्त टोकाच्या विहिरींच्या बाजूने कौल देतो. त्याचं उत्तर पाण्याच्या ज्ञानातून यायला हवं.

११ जून

सरासरी स्कोअर बाजूला ठेवून आज एकेका विहिरीचा पाहिला. सूत्र पीटर रूसो यांनी १९८७ मध्ये मांडलं, तेव्हापासून तेच आहे :

```
s = (b - a) / max(a, b)
```

`a` म्हणजे आपल्याच गटातल्या बाकीच्या विहिरींपासूनचं सरासरी अंतर, स्वतःला वगळून. `b` काढताना प्रत्येक परक्या गटापासूनचं सरासरी अंतर काढायचं आणि त्यातलं सगळ्यात लहान घ्यायचं, म्हणजे सगळ्यात जवळचा शेजारी गट. `s` एकजवळ असेल तर विहीर आपल्या घरी सुखात आहे, शून्याजवळ असेल तर बांधावर, ऋण असेल तर शेजाऱ्याचं घर तिला जास्त जवळचं. गटात एकटीच असेल तर तिचा `s` शून्य धरतात.

तीन गटांच्या विभागणीत यावलकडच्या एका बोअरचा `a` ०.९० आणि `b` २.२५ आला. १.३५ भागिले २.२५, म्हणजे ०.६०. ठणठणीत.

पारोळ्याकडच्या एका विहिरीचा `a` १.४२, `b` १.३१. वजा ०.११ भागिले १.४२, म्हणजे उणे ०.०८ च्या आसपास. के-मीन्सने तिला जड पाण्याच्या दक्षिणेकडच्या गटात टाकलंय, पण तिला गाळातल्या विहिरी किंचित जवळच्या वाटतात. हे विचित्र वाटेल, कारण के-मीन्स जवळच्या गटातच टाकतो ना? तो जवळ पाहतो ते गटाच्या मध्यबिंदूला. सिल्हूएट पाहतो गटातल्या सगळ्या सभासदांना, एकेक करून. पसरट गटाचा मध्यबिंदू जवळ असू शकतो आणि सभासद मात्र लांब-लांब विखुरलेले.

तीन गटांत अशा ऋण विहिरी ११ निघाल्या. त्यांची यादी करून ठेवली. `silhouette_samples` हे फंक्शन सरासरीऐवजी प्रत्येकीचा आकडा देतं, माझ्या मते मूळ काम तेच करतं.

१३ जून

पारोळ्याकडच्या त्या विहिरीवर जाऊन आलो. मालक आजोबांना आधी विचारलं की पाणी कसं आहे. ते म्हणाले, "पहिले पानी जड व्हतं, दाय शिजे नही. आते बरं शे." डाळ न शिजणं ही जडपणाची घरगुती तपासणीच. मग आता बरं कशामुळे झालं? तर विहिरीच्या काठाला एक काळा पाइप लोंबत होता. खालच्या शेतातल्या, नाल्याकाठच्या बोअरचं पाणी रात्री वीज असते तेव्हा ते या विहिरीत सोडतात आणि दिवसा इथून उपसतात. आपल्याकडे ही तऱ्हा सर्रास आहे.

म्हणजे आम्ही बाटलीत भरलं ते दोन पाण्यांचं मिश्रण. विहिरीची भिंत बेसॉल्टची, सरांची नोंद बेसॉल्टची, दोन्ही बरोबर. पाणीच अर्धं बाहेरचं.

बाकीच्या १० ठिकाणच्या मालकांना फोन करून हाच प्रश्न विचारला. चौघांनी सांगितलं की विहिरीत बोअरचं पाणी सोडतो. लेबलशिवाय, फक्त अंतरावरून, हे कळलं. या पाच विहिरी तक्त्यातून काढायच्या का यावर चर्चा झाली. काढल्या नाहीत, शेजारी खूण करून ठेवली. स्कोअर वाढावा म्हणून ऋण विहिरी गाळत बसलं तर शेवटी सुंदर आकडा आणि रिकामा नकाशा उरेल. पुढच्या फेरीत मात्र नमुना घेताना हा प्रश्न फॉर्ममध्येच असेल.

१५ जून

०.३४ चांगला की वाईट? पुस्तकात ०.५ च्या वर ठीक, ०.२५ च्या खाली काही नाही, असे ठोकताळे असतात. त्यांच्यावर फार विसंबू नये. रकाने किती, विहिरी किती, यावर आकडा बदलतो. त्यापेक्षा 'गट मुळीच नसते तर किती आला असता' हे आपल्याच आकड्यांवर करून पाहणं बरं.

पहिला प्रयोग : प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे पिसला. एका विहिरीचा टीडीएस, दुसरीचं नायट्रेट, तिसरीचा सामू. रकान्याचा आकार तोच राहतो, विहिरींचं आपसातलं नातं मोडतं. अशा पिसलेल्या तक्त्यांवर तीन गट पाडले की सिल्हूएट ०.१९ च्या आसपास येतो. आमचा ०.३४. बरं वाटलं.

पण ही परीक्षा सोपी आहे. टीडीएस, जडपणा आणि क्लोराइड एकमेकांबरोबर चढतात-उतरतात, कारण टीडीएसमध्ये बाकीचे दोघे आहेतच. पिसल्यावर हे नातं गेलं आणि स्कोअर त्यामुळेही पडला. विहिरी एका लांबट ढगासारख्या पसरलेल्या असतील, मध्ये कुठेही फट नसेल, तरी त्या लांबीचे तीन तुकडे केले की सिल्हूएट बऱ्यापैकी येतो. तुकडे म्हणजे गट नव्हेत.

म्हणून दुसरा, कडक प्रयोग. याच तक्त्याचा सहप्रसरण आव्यूह घेऊन त्यातून सलग, बिनफटीच्या बहुचल प्रसामान्य वितरणाच्या १२० खोट्या विहिरी तयार केल्या. असे २०० तक्ते. तीन गटांना सिल्हूएट सरासरी ०.२७, चारला ०.२५. दोनशेपैकी एकाही तक्त्यात चार गटांना ०.३६ गाठता आला नाही, तीन गटांना ०.३४ एकदोनदा आला. दोन गटांची गोष्ट मजेशीर आहे : खोट्या तक्त्यांमध्ये दोन गटांना ०.३२ सहज येतो, म्हणजे आमच्या ०.३३ ला काडीचीही किंमत नाही. लांबट ढग मधोमध कापला, एवढाच त्याचा अर्थ.

लेबल न पाहता निर्णय लिहून टाकला : चार गट, त्याखालोखाल तीन. दोन गट बाद.

१६ जून

सरांची फाइल उघडली. आधी तीन गट. ६० विहिरींचा आडवा-उभा तक्ता :

| | बझाडा | गाळ | बेसॉल्ट |
|---|---|---|---|
| गट १ | १२ | ३ | ० |
| गट २ | २ | १५ | ५ |
| गट ३ | ० | ४ | १९ |

हा तक्ता पाहिल्याशिवाय एकही आकडा काढायचा नाही असा मी नियम केलाय. इथे नुसत्या डोळ्यांना दिसतंय की कर्णावर ४६ बसल्यात आणि घोळ शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आहे. बझाडा आणि बेसॉल्ट कुठेही एकमेकांत गेले नाहीत. जमिनीवरही ते शेजारी नाहीत, मध्ये गाळ आहे.

मग रँड निर्देशांक, म्हणजे दोन विभागण्या किती जुळतात त्याचं माप. गटाचा क्रमांक १ आहे की ३, याला अर्थ नसतो, म्हणून जोड्या मोजायच्या. ६० विहिरींच्या १७७० जोड्या होतात. ३६२ जोड्या दोन्हीकडे एकत्र आहेत (सरांच्या नोंदीतही एकच थर, आमच्याकडेही एकच गट). ९४५ जोड्या दोन्हीकडे वेगळ्या. एकमत १३०७ जोड्यांवर, म्हणजे ०.७४.

जोडीदार खूश. पण त्या १३०७ मधल्या ९४५ जोड्या 'दोन्हीकडे वेगळ्या' या खात्यातल्या आहेत आणि तीन-तीन गट असले की दोन विहिरी वेगळ्या पडणं हे आपसूक होतं. याच आकाराचे गट डोळे मिटून वाटले असते तरी एकमत ०.५५ च्या घरात गेलं असतं. ह्युबर्ट आणि अरेबी यांनी १९८५ मध्ये दिलेली दुरुस्ती हेच वजा करते. हाताने करून पाहिलं :

आमच्या गटांमध्ये एकत्र असलेल्या जोड्या ५८९, सरांच्या नोंदीत ५९८. नशिबाने दोन्हीकडे एकत्र पडल्या असत्या अशा जोड्या ५८९ × ५९८ ÷ १७७० = १९९. प्रत्यक्षात ३६२. जास्तीत जास्त म्हणून धरतात ती ५८९ आणि ५९८ यांची सरासरी, ५९३.५.

```
ARI = (362 - 199) / (593.5 - 199) = 163 / 394.5 = 0.41
```

`adjusted_rand_score` नेही ०.४१ दिला. ०.७४ आणि ०.४१ एकाच तक्त्यातून आलेत. अहवालात दुसरा जाणार.

उत्सुकता म्हणून ९ जूनच्या ०.७१ वाल्या विभागणीचाही तक्ता काढला. लेबल असलेल्यांपैकी खाऱ्या गटात ५ विहिरी : ३ गाळ, २ बेसॉल्ट. बाकी ५५ एकाच पोत्यात. दोन्हीकडे एकत्र जोड्या ४९७, नशिबाने अपेक्षित ५०५. दुरुस्त रँड उणे ०.०१५. सिल्हूएट सगळ्यात जास्त आणि भूस्तराशी नातं शून्याच्याही एक पायरी खाली. खारेपणा थर पाहून येत नाही असं दिसतंय, निदान या नमुन्यांत.

१७ जून

आता चार गट, सिल्हूएटचा लाडका पर्याय.

| | बझाडा | गाळ | बेसॉल्ट |
|---|---|---|---|
| गट १ | ८ | २ | ० |
| गट २ | १ | १० | ४ |
| गट ३ | ० | ३ | १८ |
| गट ४ | ५ | ७ | २ |

दुरुस्त रँड ०.३१. तीन गटांना ०.४१ होता. सिल्हूएट म्हणतो चार, सरांची नोंद म्हणते तीन.

इथे 'लेबल म्हणजे सत्य, म्हणून तीन' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण एकाच आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात, त्या सुट्या करून पाहिल्या. एकजिनसीपणा विचारतो : एका गटात एकच थर आहे का? पूर्णता विचारते : एक थर एकाच गटात आहे का? तीन गटांना दोन्ही ०.४४. चार गटांना पूर्णता ०.३१ आणि एकजिनसीपणा ०.३९.

पूर्णता पडणार हे उघड होतं. गट वाढवले की थर जास्त ठिकाणी विभागला जातो. महत्त्वाचा आहे तो एकजिनसीपणा. असलेल्या एखाद्या गटाचेच दोन तुकडे केले असते तर एकजिनसीपणा कधीही घटत नाही, वाढतो किंवा फार तर तेवढाच राहतो. इथे तो ०.४४ वरून ०.३९ वर आला. म्हणजे चौथा गट कुणाच्या पोटातून निघालेला नाही. त्याने तिन्ही गटांमधून माणसं फोडलीत. पाण्यात भूस्तराला आडवी जाणारी काहीतरी दुसरी गोष्ट आहे.

गट ४ ची मापं काढली. टीडीएस, जडपणा मध्यम. नायट्रेट मात्र सगळ्यात जास्त, निम्म्याहून अधिक ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या मानकातली ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेली. यावल-रावेर म्हटल्यावर पुढचं सांगायला नको, पण अंदाजावर लिहायचं नाही.

१९ जून

नमुन्याच्या फॉर्मवर 'विहिरीभोवतीचं पीक' असा एक रकाना होता. कुणी फारशा आशेने भरला नव्हता, पण भरला होता. त्याच ६० विहिरींत गट ४ मधल्या १४ पैकी १२ विहिरी केळीच्या बागेतल्या निघाल्या. बाकीच्या ४६ पैकी केळीच्या १३. केळीला ठिबकमधून वर्षभर युरिया-पोटॅश जातो आणि बझाड्याच्या गोट्यांतून पाण्याबरोबर नायट्रेट खाली उतरायला वेळ लागत नाही. त्या १३ केळीच्या विहिरी गट ४ मध्ये का नाहीत, हा पुढचा प्रश्न. त्यातल्या बऱ्याचशा खोल बोअर आहेत, तेवढं पाहून ठेवलंय.

सर तक्ता पाहून म्हणाले, "मी थर लिहून दिला होता, खत कुठे लिहून दिलं होतं?" नेमकं. दुरुस्त रँड ०.३१ वर आला तो 'भूस्तर ओळखता आला का' या प्रश्नाच्या उत्तरात. विहिरींना दोन लेबलं लागू होतात, थर आणि पीक, आणि एका लेबलशी जुळणी मोजताना दुसऱ्याने पाडलेली फूट चूक म्हणून मोजली जाते.

आणखी एक खबरदारी टिपून ठेवतो. सिल्हूएट १२० वर काढलाय, दुरुस्त रँड ६० वर. सरांनी पाहिलेल्या ६० मध्ये उघड्या विहिरी जास्त आहेत, कारण त्यात थर दिसतो. बोअरचा चुरा जपून ठेवणारे थोडेच. म्हणून सिल्हूएट त्या ६० पुरताही वेगळा काढून पाहिला : तीनला ०.३५, चारला ०.३६. भांडण तिथेही तेच राहिलं.

२१ जून

दुरुस्त रँडला खरं लेबलच हवं असं नाही, दोन विभागण्या हव्यात. म्हणून त्याचा बिनलेबलाचा उपयोग केला. १२० पैकी यदृच्छेने ८० टक्के विहिरी उचलायच्या, गट पाडायचे. पुन्हा वेगळ्या ८० टक्के उचलायच्या, गट पाडायचे. दोन्हींत सामाईक असलेल्या विहिरींवर दोन विभागण्यांचा दुरुस्त रँड. असं शंभर वेळा.

तीन गट : मधला आकडा ०.८८. चार : ०.८१. पाच : ०.५२. पाचव्या गटाला दर वेळी नवा पत्ता मिळतो, त्याला आता विसरायला हरकत नाही. चौथा गट तीनपेक्षा जरा डळमळीत आहे, पण तो पुन्हा पुन्हा तिथेच उगवतो, त्याच केळीच्या विहिरी घेऊन.

डीबीस्कॅन ही दाटीवरून गट पाडणारी पद्धतही चालवून पाहिली. त्याने २३ विहिरी कुठल्याच गटात न घालता -1 अशा सोडल्या. `silhouette_score` ला ती -1 ची टोळी तशीच दिली तर तो तिला एक गट समजून मोजतो आणि विखुरलेल्या विहिरींचा तो 'गट' सरासरी खाली ओढतो. वगळून मोजलं तर स्कोअर फुगतो, कारण अवघड विहिरीच परीक्षेला बसल्या नाहीत. दोन्ही आकडे के-मीन्सच्या शेजारी ठेवण्यात अर्थ नव्हता. शिवाय लांबट, वाकड्या गटांना सिल्हूएट मुळातच कमी गुण देतो. डीबीस्कॅनचा नाद सोडला.

२४ जून

सरांबरोबर बसून काय द्यायचं ते ठरलं. नकाशावर तीन गट तीन रंगांत, कारण त्यांचा भूस्तराशी संबंध तक्त्यासकट दाखवता येतो. चौथा गट वेगळा रंग म्हणून नाही, वरून काळ्या कडेची खूण म्हणून : विहीर तिच्या थराच्या रंगात राहील आणि नायट्रेटची कड तिच्यावर येईल. दोन प्रश्नांची दोन उत्तरं एका रंगात कोंबायची गरज नाही.

आकड्यांच्या पानावर सिल्हूएट तीन आणि चार दोन्हींचे, शेजारी खोट्या तक्त्यांचे ०.२७ आणि ०.२५, खाली दोन्ही आडवे-उभे तक्ते पूर्ण. ०.७१ कुठेही नाही. ज्या पाच विहिरींत बोअरचं पाणी सोडतात त्या पोकळ वर्तुळाने.

बाकी : केळीच्या त्या १३ विहिरींची खोली मालकांना विचारून रकान्यात भरायची. ऋण सिल्हूएटच्या ११ पैकी ६ विहिरींचं कारण अजून सापडलेलं नाही. त्यातल्या तीन तापीच्या उतारावर, गाळ संपून खडक लागतो त्या पट्ट्यात आहेत, तिथे सर पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत. पावसाळ्यानंतरचे नमुने ऑक्टोबरमध्ये, त्याच १२० ठिकाणी, नवीन फॉर्म घेऊन.